गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यातली मळमळ: आलं किती, बी-सिक्स किती आणि दवाखाना कधी

प्रश्न: माझं वय २७, पहिलीच वेळ, आठवा आठवडा चालू आहे. दिवसभर मळमळतं, रोज तीनेक उलट्या होतात, एक-दोनदा नुसत्या कोरड्या येतात. वजन ५२ किलो होतं, आता ५१ आहे. सासूबाई सकाळी उपाशीपोटी आल्याचा रस आणि मध देतात. मैत्रीण म्हणते बी-सिक्सची गोळी घे, तिच्याकडे १०० मिलीग्रॅमची आहे. दोन्ही घेऊ का? किती घेऊ? आणि उलट्या कितपत झाल्या म्हणजे डॉक्टरांकडे जायचं?

उत्तर:

आलं चालेल आणि बी-सिक्सही चालेल. पण उपाशीपोटी रस नको, आणि मैत्रिणीची ती १०० ची गोळी तर मुळीच नको. दोन्हींचं प्रमाण खाली सांगतो. त्याआधी तुमचा त्रास नेमका कोणत्या पायरीवर आहे ते ठरवू, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आम्ही दवाखान्यात तीन प्रश्न विचारतो. गेल्या चोवीस तासांत एकूण किती तास मळमळलं, किती उलट्या झाल्या, आणि काहीच बाहेर न पडता नुसते उमाळे किती वेळा आले. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण असतात. मळमळ अजिबात नसेल तर १ आणि सहा तासांहून जास्त असेल तर ५. उलटी आणि कोरडे उमाळे एकदाही नसतील तर १, एक-दोनदा असतील तर २, तीन-चारदा ३, पाच-सहादा ४, सात किंवा त्याहून जास्त वेळा ५. तुमचा हिशेब असा होतो: दिवसभराच्या मळमळीचे ५, तीन उलट्यांचे ३, एक-दोन कोरड्या उमाळ्यांचे २, म्हणजे एकूण १०. सहापर्यंत सौम्य, ७ ते १२ मध्यम, १३ पासून पुढे तीव्र. तुम्ही मध्यम गटात आहात. आलं आणि बी-सिक्स या दोन्हींचा खरा उपयोग सौम्य आणि मध्यम त्रासात होतो. उद्या हाच आकडा १३ वर गेला तर या दोन्हींवर विसंबून घरी बसायचं नाही. रोज रात्री झोपताना हे गुण कॅलेंडरवर लिहून ठेवा. औषध लागू पडतंय की नाही हे त्या आकड्यांवरून कळतं. नुसत्या आठवणीवरून कळत नाही, कारण वाईट दिवस तेवढा लक्षात राहतो.

आलं आणि बी-सिक्स मुख्यतः मळमळ कमी करतात. उलट्यांची संख्या त्यांनी तितकी खात्रीने घटत नाही. थायलंडमध्ये १९९५ साली ३४२ गरोदर बायकांवर बी-सिक्सचा अभ्यास झाला. निम्म्या जणींना १० मिलीग्रॅमची गोळी दर आठ तासांनी पाच दिवस दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. बी-सिक्सवाल्यांची मळमळ स्पष्टपणे जास्त उतरली, उलट्यांमधला फरक मात्र ठामपणे सांगता येईल इतका नव्हता. म्हणून चार दिवस गोळी घेऊनही एखादी उलटी झाली, तर औषध फुकट गेलं असं समजू नका. पाण्याच्या घोटाला तोंड धजतंय का, वरणभात दोन घास जातोय का, हे बघा.

आता आल्याचं प्रमाण. ज्या अभ्यासांत आल्याचा फायदा दिसला त्यांत बहुतेक ठिकाणी वाळलेल्या आल्याची पूड, म्हणजे आपली सुंठ, दिवसाला साधारण १ ग्रॅम दिली होती. तीही एकदम न देता २५० मिलीग्रॅमचे चार भाग करून. घरात ग्रॅमचा काटा नसतो, म्हणून चमच्याचा अंदाज सांगतो. सुंठपुडीचा अर्धा चहाचा चमचा, वर ढीग न करता सपाट, म्हणजे साधारण १ ग्रॅम. सकाळीच तेवढी पूड एका वाटीत काढा, त्यात थोडा गूळ आणि चार थेंब तूप घालून मळा आणि त्याच्या चार गोळ्या वळा. ही सुंठ-गूळ-तुपाची गोळी आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सकाळी काहीतरी कोरडं खाल्ल्यावर एक, दुपारच्या जेवणाआधी एक, संध्याकाळी एक, रात्री एक. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं आलं संपलं. मुद्दाम वाटी काढायला सांगतो, कारण नाहीतर चहात किसलेलं, सरबतात पिळलेलं, वर सुंठीची चिमूट, असं दिवसभर चालू राहतं आणि एकूण किती झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

ओलं आलंच आवडत असेल तर किसून सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, एवढं दिवसभरात. कोमट पाण्यात टाकून पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळा, आणि ते पाणी तीन-चार वेळा घोट घोट प्या. लिंबाचे चार थेंब आणि मीठ-साखर घातलीत तर पोटात पाणीही जातं. आल्याच्या चहाला मात्र मी औषधाच्या हिशेबात धरत नाही. त्यात आलं किती उतरलं ते कळत नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या दुधाचा कडक चहा घेतला की अनेकींना त्यानेच उलटी होते. आलेपाकाच्या वडीचंही तेच, त्यात बहुतांश साखरच असते. प्रवासात तोंडाला चव म्हणून एखादी चघळायला हरकत नाही, पण आलं पोटात गेलं असं त्यावरून धरू नका. साखरेचा त्रास असेल तर तीही नको.

उपाशीपोटी रस का नको, तर आल्याचा सगळ्यात नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे छातीत जळजळ. गरोदरपणात अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू मुळातच सैलावलेला असतो, त्यामुळे पोटातलं आंबट सहज वर येतं. रात्रभर रिकाम्या असलेल्या पोटात तिखट रस गेला की जळजळ वाढते, जळजळीने मळमळ वाढते, आणि घरच्यांना वाटतं पित्त अजून पडतंय, आलं आणखी द्या. तुम्हाला रस घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात छातीत किंवा घशाशी आंबट जळतं का, हे दोन दिवस नीट बघा. जळत असेल तर रस बंद करा. सासूबाईंना सांगा की आलं सोडलेलं नाही, घेण्याची पद्धत बदलली आहे. त्यांनी सुचवलेला उपाय बरोबर होता, फक्त वेळ आणि रूप चुकलं होतं.

आलं उष्ण असतं, त्याने गर्भ पडतो, ही भीती खूप जणींना असते. नॉर्वेत ६८ हजारांहून जास्त गरोदर बायकांची माहिती तपासली गेली. त्यांतल्या हजारभर जणींनी आलं औषध म्हणून घेतलं होतं, आणि त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. वर सांगितलेल्या मापात आलं घ्यायला घाबरू नका. मात्र रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, मग ती ॲस्पिरिनची छोटी गोळी असो की हेपरिनचं इंजेक्शन, किंवा अंगावरून रक्त जात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आल्याच्या कॅप्सूल किंवा सुंठीच्या गोळ्या घेऊ नका. भाजीत-आमटीत पडतं तेवढ्या आल्याचा इथे प्रश्न नाही.

आता बी-सिक्स. मान्य मात्रा आहे १० ते २५ मिलीग्रॅम, दिवसातून तीन वेळा, साधारण आठ-आठ तासांनी. काही वेळा डॉक्टर चौथी मात्राही देतात. दिवसाची बेरीज ३० ते ७५ च्या आसपास राहते. १०० च्या वर मी स्वतः जाऊ देत नाही.

अडचण बाजारातल्या गोळीची आहे. आपल्याकडे साधी बी-सिक्सची गोळी ४० मिलीग्रॅमची मिळते किंवा १०० ची. २५ ची गोळी मेडिकलमध्ये मागितली तर बहुधा नाही म्हणतात. मग दुकानदार जी हाताशी असेल ती देतो आणि दिवसातून तीनदा घ्या म्हणतो. १०० ची तीनदा म्हणजे ३००. बी-सिक्स पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल, असं सर्रास ऐकू येतं. ते पूर्ण खरं नाही. मोठी मात्रा आठवडेच्या आठवडे घेतली तर त्याने नसांनाच इजा होते. तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात, चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. गोळी थांबवली की बहुतेकदा हळूहळू सुधारतं, पण त्याला महिने लागू शकतात.

तुमच्यासाठी सोपं गणित असं. ४० ची साधी गोळी असेल तर अर्धी-अर्धी दिवसातून तीनदा, म्हणजे २० गुणिले ३, एकूण ६०. त्यासाठी गोळी मोडण्याजोगी हवी. पाकिटावर ती हळूहळू विरघळणारी आहे असं लिहिलं असेल तर मोडू नका, कारण मोडली की सगळं औषध एकदम सुटतं. मैत्रिणीची १०० ची गोळी अशाच प्रकारची असण्याची शक्यता बरीच आहे. चालू असलेल्या बाकीच्या गोळ्यांची पाकिटंही एकदा उलटून वाचा. त्यावर पायरिडॉक्सिन हे नाव दिसलं की ते बी-सिक्सच. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बहुधा ३ मिलीग्रॅमच्या आसपास असतं, त्याने काही बिघडत नाही. पण मुंग्या येण्यावर किंवा कंबरदुखीवर देतात त्या नसांच्या गोळ्यांमध्ये कधी कधी बरंच जास्त असतं, ते बेरजेत धरा. आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करून मात्रा एकदा पक्की करून घ्या. त्यांच्याकडे तुमची फाइल आहे, माझ्याकडे नाही.

गोळी कधी घ्यायची, यावर बरंच अवलंबून असतं. मळमळ जोरात असताना घेतलेली गोळी बाहेरच पडते. तुम्हाला दिवसात कोणत्या तासांत जरा बरं वाटतं ते बघा, कुणाला दुपारी चारला वाटतं तर कुणाला रात्री दहाला, आणि मात्रा त्या वेळांच्या जवळ बसवा. सकाळची गोळी उशाशी ठेवा. डोळे उघडल्यावर अंथरुणातच मूठभर कुरमुरे किंवा अर्धा खाकरा खा, पंधरा-वीस मिनिटं पडून राहा, मग दोन घोट पाण्यासोबत गोळी. त्यानंतर उठा. फोडणीचा वास सुरू व्हायच्या आत हे उरकलं तर उत्तम.

दोन्ही एकत्र घेण्याबद्दल विचारलंत. ऑस्ट्रेलियात २००४ साली २९१ बायकांवर आलं आणि बी-सिक्स यांची समोरासमोर तुलना झाली. एका गटाला रोज साधारण १ ग्रॅम आलं, दुसऱ्याला ७५ मिलीग्रॅम बी-सिक्स, तीन आठवडे. दोन्हींचा गुण सारखाच निघाला. म्हणून मी आधी एकच सुरू करायला सांगतो. ज्यांना जळजळ होते त्यांनी बी-सिक्स, ज्यांना गोळी गिळायचा तिटकारा त्यांनी सुंठ. तीन-चार दिवसांत गुण दोनतीनने उतरले नाहीत तर दुसरं जोडायचं. दोन्ही मिळून दुप्पट गुण येतो असं नाही, पण अपायही नाही. एकेक करून घेतलं की कशाने बरं वाटलं ते तरी कळतं. तुम्हाला रस चालू असूनही १० गुण आहेत, म्हणून तुम्ही बी-सिक्सपासून सुरुवात करा आणि गरज पडली तर सुंठ चौथ्या-पाचव्या दिवशी जोडा.

तेवढ्यानेही भागलं नाही तर पुढची पायरी डॉक्टरांच्या चिठ्ठीची. १० मिलीग्रॅम बी-सिक्स आणि १० मिलीग्रॅम डॉक्सिलामाइन एकत्र असलेली गोळी. गरोदरपणातल्या उलट्यांवर आपल्याकडे सगळ्यात जास्त लिहून दिली जाते ती हीच. साधारणपणे रात्री झोपताना दोन देतात. तिसऱ्या दिवसापर्यंत फरक नसेल तर सकाळी एक वाढवतात, मग दुपारी एक. दिवसात चारच्या वर जात नाहीत. पोटात उशिरा विरघळावी अशी बनवलेली असेल तर रात्री घेतलेली गोळी सकाळी कामाला येते, म्हणून ती चावायची किंवा मोडायची नाही. ती सुरू झाली की सुटी बी-सिक्स बंद करायची का, हे नक्की विचारा, कारण चार गोळ्यांत ४० मिलीग्रॅम आधीच आलेलं असतं. हिने झोप येते, म्हणून पहिले काही दिवस स्कूटर चालवू नका. या औषधाबद्दल इंटरनेटवर जुनी भीती सापडेल. अमेरिकेत ते १९५६ पासून विकलं जात होतं, बाळात व्यंग येतं अशा खटल्यांमुळे कंपनीने १९८३ मध्ये ते मागे घेतलं. नंतरच्या अभ्यासांत तो आरोप टिकला नाही, आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकांनी हेच मिश्रण गरोदरपणातल्या मळमळीसाठी पुन्हा मंजूर केलं. ऑन्डॅनसेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका. ते उपयोगी आहे, आम्ही वापरतोही, पण पहिल्या तीन महिन्यांत टाळूच्या फटीचा अगदी थोडा वाढीव धोका काही अभ्यासांत दिसला आहे. म्हणून ते दुसऱ्या फळीत राहतं आणि कुणाला द्यायचं हे तपासूनच ठरतं.

लोहाची गोळी आत्ता चालू असेल तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे थांबवता येते. लोहाने मळमळ हमखास वाढते, आणि आपल्याकडे ती बहुधा तीन महिने झाल्यावरच सुरू करतात. फॉलिक ॲसिड मात्र सोडू नका. ती गोळी छोटी असते आणि बाळाचा पाठीचा कणा याच आठवड्यांत घडत असतो.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं. उलट्यांचा आकडा हा त्याचा चांगला निकष नाही. दिवसाला पाच उलट्या होऊनही मधल्या वेळात लिंबूपाणी टिकत असेल तर ती बाई दोन दिवस घरी राहू शकते. दोनच उलट्या, पण घोटभर पाणीसुद्धा थांबत नसेल तर तिने आजच निघावं. मी तीन गोष्टी बघायला सांगतो: पाणी, लघवी, वजन.

चोवीस तासांत प्यायलेलं काहीच टिकलं नाही तर थांबू नका. जागेपणी आठ तास लघवीच झाली नाही, किंवा होतेय ती थोडी आणि गडद, कडक चहाच्या रंगाची, तरीही निघा. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा छाती धडधडते, हीसुद्धा शरीरातलं पाणी कमी पडल्याची खूण. वजन आठवड्यातून दोनदा करा. तोच काटा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, साधारण तसेच कपडे. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्के वजन उतरणं ही आमची धोक्याची रेघ. तुमच्यासाठी ५२ चे पाच टक्के म्हणजे २.६ किलो, म्हणून काटा ४९.४ वर आला की तो तीव्र त्रास धरायचा. पण तिथपर्यंत वाट बघायची नाही. ५० दिसले की त्याच दिवशी तपासून घ्या. आत्ताचा एक किलो काळजीचा नाही.

काही लक्षणं अशी आहेत की ती दिसली तर उलट्यांचं कारण गरोदरपण नसून दुसरंच काहीतरी असू शकतं. ताप, थंडी वाजणं, लघवीला जळजळ, कमरेच्या एका बाजूला दुखणं. पोटात सतत दुखणं. उलटीत रक्त. डोळे पिवळे. अंगावरून रक्त जाणं. माझ्याकडे एक मुलगी बाराव्या आठवड्यात आली होती. दोन दिवस उलट्या, आणि घरी सगळ्यांनी डोहाळे कडक लागलेत म्हणून आल्याचा काढा चालू ठेवला होता. तिला विचारलं, आधी त्रास होता का? म्हणाली, आठ-नऊ आठवडे काहीच नव्हतं, परवापासूनच सुरू झालं. हात लावला तर अंग तापलेलं, आणि उजव्या बरगडीखाली पाठीत हलकं ठोकल्यावर ती कळवळली. मूत्रपिंडापर्यंत गेलेला लघवीचा संसर्ग होता. ॲडमिट करून शिरेतून प्रतिजैविकं दिली आणि दोन-तीन दिवसांत उलट्या थांबल्या. गरोदरपणाची मळमळ बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्याच्या आसपास शिगेला पोचते आणि बहुतेकींची सोळाव्यापर्यंत उतरते. नऊ आठवडे उलटल्यावर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या, तर आलं किंवा बी-सिक्स न घेता आधी तपासणी करा. पावसाळ्यात तर काविळीचा विचार करावाच लागतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, फार जड जाते. आणि वीस आठवड्यांनंतर उलटीसोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर रक्तदाब वाढल्याची शंका घेऊन त्याच तासाला दवाखान्यात जायचं.

दवाखान्यात नाडी, रक्तदाब, वजन, लघवी, रक्तातले क्षार आणि यकृताच्या तपासण्या होतील. सोनोग्राफी आधी झाली नसेल तर ती करतील. जुळं असेल, किंवा गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ असेल, तर उलट्या जास्त होतात, आणि ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. लघवीत कीटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं, आले म्हणून घाबरू नका आणि आले नाहीत म्हणून निश्चिंतही होऊ नका. शरीरात पाणी किती उरलंय ते कीटोनवरून नीट कळत नाही.

सलाइन लावायची वेळ आली तर एक गोष्ट नवऱ्याला किंवा आईला आठवणीने विचारायला सांगा. कित्येक दिवस काहीच पोटात टिकलेलं नसेल तर शरीरातलं बी-वन, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. अशा बाईला थायमिन न देता थेट ग्लुकोजची बाटली चढवली तर ते ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. हे क्वचित घडतं, पण घडलं की फार वाईट, आणि टाळणं अगदी सोपं असतं. म्हणून मिठाचं सलाइन, लागेल तसं पोटॅशियम, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, हा क्रम. अंगात ताकद यावी म्हणून नुसतं ग्लुकोज लावा, असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. तुम्ही इतके दिवस बी-सिक्स घेतलंत म्हणून थायमिन भरून निघालं असंही होत नाही. ती दोन वेगळी जीवनसत्त्वं आहेत.

त्रास १३ गुणांच्या वर गेलेल्या बाईला आलं खा म्हणून सांगणं मी थांबवलं आहे. जिला थुंकीसुद्धा गिळवत नाही तिला ते ऐकून इतकंच कळतं की हिचं दुखणं कुणी मनावर घेतलेलं नाही. हे मनाचे खेळ नाहीत. गर्भाच्या वारेतून जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात येतं. जिच्या शरीराला आधी त्याची फारशी सवय नसते तिला उलट्या जास्त होतात, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. तुमच्याही घरी हे सांगा.

तुम्ही उद्यापासून अर्धी गोळी तीनदा सुरू केलीत तर चौथ्या दिवशी गुण मोजा. ८ किंवा खाली आले तर तसंच चालू ठेवा. ९-१० वरच अडकले तर सुंठ जोडा, आणखी तीन दिवस बघा, आणि तरीही तेच असेल तर डॉक्सिलामाइनच्या गोळीसाठी डॉक्टरांकडे जा. बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सगळं बंद करू नका. नवव्या-दहाव्या आठवड्यात गोळी सोडली की त्रास उसळून येतो. बाराव्या आठवड्यानंतर सलग चार-पाच दिवस गुण पाचच्या आत राहिले तर दुपारची अर्धी गोळी सोडा. आणखी चार दिवसांनी रात्रीची, आणि शेवटी सकाळची. मधेच मळमळ परतली तर एक पायरी मागे जा आणि आठवडाभराने पुन्हा कमी करून बघा.